सीटची उंची कागदावर, पाय रस्त्यावर

प्रश्न: माझी उंची ५ फूट १ इंच (१५५ सेंमी), वजन ५२ किलो. भांडुपहून जेव्हीएलआरने सीप्झला रोज जायचं आहे. स्कूटर पाच वर्षं चालवली, आता मोटरसायकल हवी. हंटर ३५० मनात भरली आहे, घरचे स्प्लेंडर किंवा रेडर म्हणतात. शोरूममध्ये बसून पाहिलं तर दोन्ही पायांचे चवडेच टेकतात. सेल्समन म्हणतो सवय होते. खरंच होते का? सीटची उंची किती असलेली घ्यावी?

उत्तर:

आधी एक गंमत सांगतो. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची कंपनीच्या कागदावर ७८५ मिलिमीटर आहे आणि हंटरची ७९०. पाच मिलिमीटर म्हणजे तुमच्या बुटाच्या तळव्यातला फरकही नाही. पण एकीचं वजन ११२ किलो आहे आणि दुसरीचं १८१. फक्त सीटच्या उंचीवरून निवड करायला गेलात तर या दोन गाड्या तुम्हाला जवळपास सारख्याच वाटतील. सिग्नलला उभं राहिल्यावर मात्र त्या अजिबात सारख्या नाहीत. म्हणून "सीट किती उंच" याआधी "थांबताना गाडी किती कलते आणि त्या कलात माझ्या एका पायावर किती भार येतो" हे विचारा.

मी गेली वीस-बावीस वर्षं मुलुंड-ठाण्याच्या बाजूला गाडी चालवायला शिकवतो. माझी स्वतःची उंची ५ फूट २ आहे, त्यामुळे हे सगळं मी आधी पडून आणि मग शिकवून शिकलो.

पहिलं काम घरीच करा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, मध्यम जाडीची पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवा, जशी सायकलच्या सीटवर बसल्यावर सीट लागते तशी, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. ही तुमच्या पायाची आतली लांबी. १५५ सेंटीमीटर उंचीच्या माणसात ती साधारण ७० ते ७३ सेंटीमीटर निघते, पण माणसामाणसात फरक असतो. माझ्याकडे एकाच उंचीच्या दोन बहिणी आल्या होत्या, एकीचा पाय दुसरीपेक्षा अडीच सेंटीमीटर लांब. एकीला जी गाडी सहज जमली तीच दुसरीला दोन आठवडे नडली. तुमची ७१ आली असं धरतो आणि बुटाचा तळवा ३ सेंटीमीटर. म्हणजे ७४.

आता गाडी. कागदावरची सीटची उंची मोकळ्या गाडीची असते, वर कोणी बसलेलं नसताना. तुम्ही बसलात की मागचे शॉकअप दबतात आणि सीटचा फोमही थोडा बसतो. ५२ किलोच्या माणसाखाली सर्वसाधारण गाडी दीड ते अडीच सेंटीमीटर खाली येते. म्हणजे ७९ ची सीट प्रत्यक्षात ७७ च्या आसपास. तुमच्याकडे ७४ आहेत, तरी चवडे टेकतात, कारण चवड्यावर उभं राहिल्यावर पाय लांब होतो. हिशेब जुळतो.

पण यात सीटची रुंदी धरलेली नाही आणि बुटक्या माणसाला खरं फसवते ती तीच. सीट पुढे, टाकीला भिडते तिथे, निमुळती असेल तर मांड्या सरळ खाली येतात. तिथेच ती फुगीर असेल तर मांड्या आधी बाहेर जातात, मग खाली. तेवढी लांबी वाया गेली. दोन गाड्यांची तुलना करायची असेल तर शिंप्याची टेप घ्या. कोणीतरी गाडी सरळ धरावी, आणि तुम्ही डावीकडच्या जमिनीपासून टेप वर नेऊन, तुम्ही जिथे बसता तिथून सीटवरून ओढून उजवीकडच्या जमिनीपर्यंत मोजा. या आकड्याला स्वतःच्या पायाशी जुळवू नका, दोन गाड्यांचे आकडे एकमेकांशी जुळवा. कागदावर दोन सेंटीमीटर उंच असलेली निमुळत्या सीटची गाडी टेपमध्ये कमी भरते, असं बऱ्याचदा दिसतं. फूटरेस्टही बघा. काही गाड्यांत फूटरेस्ट नेमका पाय खाली येतो त्याच जागी असतो, नडगीला टोचतो आणि पाय बाहेर ढकलतो. तो आणखी एक सेंटीमीटर खातो, आणि पावसाळी पँट घातली की त्यातच अडकतो. त्यावर शेवटी येतो.

आता वजनाचं. सरळ उभ्या गाडीचं वजन तुमच्या पायावर येतच नाही, ते दोन चाकांवर असतं. पायावर भार येतो तो गाडी कलल्यावर, आणि कल वाढेल तसा तो वाढत जातो. ढोबळ हिशेब करून दाखवतो. गाडी आणि तुम्ही मिळून जो भार आहे त्याचा मध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर धरू आणि पाय चाकाच्या रेषेपासून ३० सेंटीमीटर लांब टेकला आहे असं धरू. स्प्लेंडर आणि तुम्ही मिळून १६४ किलो. गाडी ३ अंश कलली तर पायावर सुमारे १७ किलो, ६ अंशांवर ३४, १० अंशांवर ५७. हंटर आणि तुम्ही मिळून २३३ किलो. तिथे तेच आकडे २४, ४९ आणि ८१ होतात. म्हणजे ३ अंशांवर दोन्ही गाड्या तुम्हाला सारख्याच सोप्या वाटतील. शोरूममध्ये तुम्ही बसलात तेव्हा तेच झालं. १० अंशांवर एक गाडी तुम्ही दात-ओठ खाऊन सावरू शकाल आणि दुसरी नाही.

मग प्रश्न उरतो की गाडी ३ अंशांवर राहणार की १० वर. इथे पायाची लांबी परत येते. पाय जमिनीला दोन-अडीच सेंटीमीटर कमी पडला की तो टेकवण्यासाठी गाडी चार-पाच अंश कलवावी लागते. याच्यावरून वजन आणि उंची वेगवेगळे प्रश्न नाहीत हे लक्षात येईल. पाय पुरत असेल तर वजन फार भेडसावत नाही. पाय कमी पडत असेल तर प्रत्येक किलो वसूल केला जातो.

कमी पडलेला पाय पुरवण्याचा एक मार्ग गाडी कलवणं आणि दुसरा स्वतः सरकणं. बहुतेक बुटकी माणसं पहिला मार्ग धरतात, कारण कोणी दुसरा शिकवलेला नसतो. थांबायच्या आधी, गाडी अजून चालती असताना, ढुंगण सीटवर चार-पाच सेंटीमीटर डावीकडे सरकवायचं. उजवी मांडी सीटवर आडवी राहते, डावी मांडी सीटच्या कडेवरून सरळ खाली येते. डावा पाय तेवढ्याने तीन-चार सेंटीमीटर खाली मिळतो आणि गाडी जवळजवळ सरळच राहते. ज्या माणसाचे दोन्ही चवडे जेमतेम टेकतात त्याचा एक पाय असा सरकल्यावर टाचेपर्यंत टेकतो. म्हणून दोन्ही पाय पूर्ण टेकण्याचा हट्ट सोडा. शहरात तुम्हाला दोन्ही पाय लागत नाहीतच. उजवा पाय मागच्या ब्रेकवर हवा.

हे नीट समजून घ्या, कारण बुटक्या चालकांचं सिग्नलला पडणं बहुतेक वेळा इथेच होतं. चवडे शोधायच्या घाईत दोन्ही पाय खाली सोडले की मागचा ब्रेक सुटतो. मग उरतो हाताचा पुढचा ब्रेक. चालण्याच्या वेगात हँडल जरा वळलेलं असताना तो दाबला की पुढचं टोक जागच्या जागी खाली बसतं आणि गाडी वळलेल्या बाजूला कोसळते. तेव्हा पाय कितीही लांब असता तरी उपयोग नव्हता. क्रम असा ठेवा: दूर असतानाच दोन्ही ब्रेकने वेग कमी, गियर खाली पहिल्यापर्यंत, शेवटच्या दोन मीटरला पुढचा ब्रेक सोडून फक्त मागचा, हँडल सरळ, कंबर डावीकडे, गाडी थांबत असताना डावा पाय. जेव्हीएलआरला पवईच्या बाजूला चढावर थांबावं लागतं तिथेही याच क्रमाने गाडी मागे सरकत नाही आणि निघताना क्लच सोडत मागचा ब्रेक सोडायचा एवढंच काम उरतं.

यात एक कटकट आहे, ती लपवत नाही. डावा पाय जमिनीवर असेल तर न्यूट्रल आणि पहिला गियर त्याच पायाने कसा टाकणार? म्हणून लोक सिग्नलला पाय बदलतात: उजवा खाली, डावा गियरवर, परत उलट. बुटक्या माणसाची गाडी या बदलात जाते, कारण त्या अर्ध्या क्षणात एकही पाय नीट जमिनीवर नसतो. अर्ध्या-एक मिनिटाच्या सिग्नलला क्लच दाबून पहिल्यातच उभं राहायचं. गांधीनगरसारख्या लांबलचक सिग्नलला पुढचा ब्रेक घट्ट धरून, हँडल सरळ ठेवून, आधी कंबर उजवीकडे सरकवायची आणि मगच पाय बदलायचा. क्लच जड असेल तर पहिल्यात उभं राहणं हाताला सोसत नाही, म्हणून चाचणी घेताना क्लच दाबून पूर्ण एक मिनिट धरून बघा. कागदावर हा आकडा कुठेच नसतो.

रस्त्याचं सांगायचं तर आपल्याकडे पाणी निचरा व्हावं म्हणून रस्ता मधून कडेला उतरता असतो, साधारण मीटरला दोन ते अडीच सेंटीमीटर. तुमच्या पायापर्यंत जेमतेम पाऊण सेंटीमीटर. एवढ्याने काही होत नाही. त्रास होतो तो अगदी डाव्या कडेला. तिथे डांबराचा थर संपतो, गटाराकडे उतार वाढतो, पेव्हर ब्लॉक खचलेले असतात आणि रस्त्यावर नवे थर चढवून चढवून चेंबरचं झाकण चार-पाच सेंटीमीटर खाली राहिलेलं असतं. मी पहिली मोठी गाडी अशीच पाडली. जागा कुठली ते सांगत नाही, पण पावसात झाकण पाण्याखाली होतं, मी पाय टाकला आणि पाय खालीच जात राहिला. वर जो कलाचा हिशेब केला तो माझ्या डोळ्यांसमोर एका सेकंदात झाला. तेव्हापासून मी डाव्या कडेपासून निदान अर्धा मीटर आत थांबतो. रिक्षावाले हॉर्न वाजवतात, वाजवू दे. पाणी साचलं असेल तर पाय टाकायच्या जागेकडे थांबायच्या आधी बघायचं, थांबल्यावर नाही. पांढरे झेब्रा पट्टे, उड्डाणपुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी आणि मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या लोखंडी प्लेटा पावसात सारख्याच निसरड्या. चाक त्यावर चालेल, पाय त्यावर टेकायचा नाही.

आता तुमची निवड. शोरूममध्ये तुम्ही बसलात ती गाडी मेन स्टँडवर होती का ते आठवा. मेन स्टँडवर गाडी उचललेली असते, त्यामुळे सीट खरी आहे त्यापेक्षा उंच वाटते आणि विनाकारण धास्ती बसते. उलट बाजूही आहे: शोरूमची फरशी सपाट असते आणि गाडीत पेट्रोल चमचाभर असतं. १३ लिटरची टाकी भरली की जवळजवळ १० किलो वाढतात, आणि तेही वर, टाकीत. कागदावरचं वजन भरल्या टाकीचं असतं, तुमच्या हाताला लागलेलं नाही.

म्हणून टेस्ट राइड मागा आणि स्वतःचे पावसाळी बूट घालून जा. सपाट जागी, मागे कोणी धरलेलं असताना, कंबर सरकवून डावा पाय टेका, उजवा ब्रेकवर. फोनमधलं लेव्हल दाखवणारं अ‍ॅप चालू करून फोन हँडलच्या दांडीवर आडवा ठेवायला सांगा. हँडल सरळ असेल तर तो कल दाखवेल. डाव्या पायाचा चवडा आणि तळव्याचा मधला भाग टेकून कल ५ अंशांच्या आत असेल तर गाडी तुमच्या पायाला बसते. टाच टेकली तर उत्तम, नाही टेकली तरी चालेल. फक्त बोटं टेकत असतील आणि कल ७-८ दाखवत असेल तर ती गाडी जेव्हीएलआरच्या रोजच्या पंचवीस-तीस थांब्यांसाठी नाही, मग ती कितीही देखणी असो. मग एखाद्या चढावर पाच वेळा थांबा आणि निघा. पाचव्या वेळी पाय थरथरत असेल तर तेच तुमचं उत्तर.

माझा अंदाज विचाराल तर ७१ च्या पायाने तुम्ही हंटरवर ५ अंशांच्या काठावर असाल. सपाट रस्त्यावर जमेल, गटाराच्या कडेला नाही. रेडरची सीट ७८० आहे आणि वजन १२३, म्हणजे एक सेंटीमीटर खाली आणि जवळजवळ ६० किलो हलकी. तिच्यावर चूक झाली तर सावरायला जागा राहते. स्प्लेंडर आणखी हलकी, पण तुम्हाला पाच वर्षं स्कूटर चालवल्यावर ती पटकन कंटाळवाणी वाटेल असं मला वाटतं. हे मत आहे, हिशेब नाही. कमी उंचीला क्रूझर बरी, हा सल्लाही ऐकाल. अ‍ॅव्हेंजर स्ट्रीट १६० ची सीट खरोखर ७३७ वर आहे आणि पाय अगदी सपाट टेकतो. पण ती लांब गाडी आहे, हँडल बरंच वळवावं लागतं आणि फूटरेस्ट पुढे असतात. पवईच्या गर्दीत दोन टेम्पोंच्या मधून काढताना ते जाणवतं. तरी पाय ६९ किंवा त्याहून कमी निघाला तर मी तीच सुचवेन. स्वस्त गाडीची सीट खाली असते असं समजू नका: प्लॅटिना १०० ची सीट ८०७ आहे, हंटरपेक्षाही उंच.

मन हंटरवरच असेल आणि चाचणीत थोडक्यात हुकलं, तर आधी मागचे शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर आणून बघा. तुमच्या वजनाला ते अर्धा-एक सेंटीमीटर देतं आणि फुकट आहे. त्यानंतर सीट. सीट बनवणाऱ्याकडे फोम कापून घ्यायचा तर पुढच्या बाजूच्या दोन्ही कडा जास्त कापायला सांगा, वरचा थर कमी. कडा गेल्या की मांड्या सरळ खाली येतात आणि बसायला उशी राहते. वरूनच तीन सेंटीमीटर काढून घेतले तर महिनाभरात खालची पाटी टोचू लागेल. शॉकअप बदलून किंवा पुढचे फोर्क वर सरकवून गाडी खाली आणणं मात्र टाळा. साईड स्टँडची लांबी तीच राहते, त्यामुळे उभी गाडी जवळजवळ सरळ राहते आणि कोणी नुसता धक्का दिला तरी उजवीकडे पडते. शिवाय सोसायटीच्या आतले स्पीडब्रेकर पोटाला घासू लागतात.

"सवय होते का?" सेल्समन अर्धा बरोबर आहे. कंबर सरकवायची, ब्रेक धरायचा आणि जागा निवडायची सवय होते, साधारण तीन-चार आठवड्यांत. पाय लांब होत नाही.

पावसाळी पँटचं राहिलं. पायाच्या घोट्याला वेल्क्रो किंवा रबरबँड लावून ती आवळून घ्या. सैल कडा फूटरेस्टवर किंवा गियरच्या दांड्यावर अडकली की पाय उतरत नाही, आणि ते तुम्हाला गाडी थांबल्यावर कळतं. आणि स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावा. चवड्यांवर बसून १२० किलोची गाडीही मागे ढकलवत नाही, कारण चवड्याला जोर लावायला जमीनच मिळत नाही. उलटी अडकलीच तर खाली उतरा, डाव्या बाजूला उभ्या राहून कंबर टाकीला टेकवा, एक हात हँडलवर आणि एक मागच्या कडीवर ठेवून ढकला. हँडल सरळ असेपर्यंत गाडी तुमच्या कंबरेवरच कललेली राहील, पलीकडे जाणार नाही.